आमच्या खोंडाला पिवळा मोझॅक



सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला एखाद-दुसरं झाड दिसतं. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे ठिगळ, शिरांच्या कडेनं पिवळे ठिपके. ते झाड तेव्हाच उपटून बांधाबाहेर पुरलं आणि पांढऱ्या माशीकडं लक्ष दिलं, तर बाकीचं रान वाचायची आशा असते. आठ-दहा दिवस हयगय झाली की मग रान लांबूनच पिवळं दिसतं आणि शेंगा पोचट राहतात. म्हणजे सगळा खेळ पहिल्या आठवड्यातल्या ओळखीचा आहे.

ही ओळख मोबाइलनं करून द्यावी म्हणून माझी पुतणी, धाकट्या भावाची पोरगी, खपत होती. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेला. प्रोजेक्ट म्हणून तिनं हा विषय घेतला. पानाचा फोटो काढायचा, मोबाइल सांगणार: निरोगी की मोझॅक. ऑगस्टमधे ती गावाकडं आली तेव्हा तिनं मला आकडा सांगितला, ९९.२ टक्के. तिच्या कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या. आमच्या भागातल्या शेतकरी कंपनीच्या एका संचालकांच्या कानावर ते गेलं होतं, आणि पुढच्या बैठकीत हे सभासदांना दाखवायचं, मग सगळ्यांच्या मोबाइलमधे टाकायचं, असं ठरत आलं होतं. बैठकीला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत जे झालं ते लिहितोय. आता असली अॅप रोज एक निघतायत, पान दाखवा, रोग ओळखा म्हणून, तेव्हा आपल्यालाही आत काय चालतं ते ठाऊक असलेलं बरं.

आधी तिनं काय केलं होतं ते सांगतो. तिनं मला दोन संध्याकाळी बसून समजावलं, ते माझ्या भाषेत.

कॉम्प्युटरला मोझॅक म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. शिरा, ठिगळ, पांढरी माशी असलं काहीही त्याला शिकवत नाहीत. त्याला फक्त फोटोंचे दोन ढीग देतात. एका ढिगावर लिहिलेलं ‘मोझॅक’, दुसऱ्यावर ‘निरोगी’. आणि सांगतात, या दोन ढिगांत फरक काय ते तुझं तू शोध. तो फोटो आधी बारीक करतो, २२४ ठिपके रुंद आणि २२४ ठिपके उंच. मग त्या ठिपक्यांच्या रंगांत कुठला असा फरक आहे की जो धरला तर ढीग बरोबर वेगळे होतात, तो शोधत राहतो. चुकला की थोडं इकडंतिकडं करतो, पुन्हा बघतो, असं हजारो वेळा. तिनं मोबाइलनेट नावाचं एक आधीच लाखो फोटोंवर तयार झालेलं मॉडेल घेतलं होतं आणि त्याला आपल्या सोयाबीनच्या कामाला लावलं होतं.

तिच्याकडं १२०० फोटो होते. ६०० मोझॅकचे, ६०० निरोगी. त्यातले ९६० शिकवायला वापरले आणि २४० बाजूला झाकून ठेवले. शिकवून झाल्यावर हे २४० दाखवले आणि विचारलं, सांग. २४० पैकी २३८ बरोबर. म्हणजे ९९.२ टक्के. हिशोबात लबाडी काही नव्हती. झाकून ठेवलेले फोटो त्यानं खरंच आधी बघितले नव्हते.

मी म्हणलं, चल, रानात जाऊ.

माझ्या खालच्या तुकड्यात तेव्हा मोझॅक दिसायला लागला होता, पंधरा-वीस झाडं. ती तिच्या मोबाइलनं फोटो काढत गेली. मी दाखवलेली दहा मोझॅकची झाडं आणि दहा चांगली. चांगल्या झाडाला तिचं मॉडेल म्हणालं निरोगी, ९८ टक्के खात्रीनं. पोरगी हसली. पुढचंही निरोगी, त्याच्या पुढचंही. मग आम्ही मोझॅकच्या झाडाशी आलो. पान असं की शेळीनंसुद्धा लांबून ओळखावं. मोबाइल म्हणाला निरोगी, ९९ टक्के.

तिला वाटलं उन्हामुळं असेल. सावली धरून काढला. निरोगी. पान तोडून तळहातावर ठेवून काढला. निरोगी. विसाच्या वीस फोटोंना त्याचं एकच उत्तर, निरोगी. दहा बरोबर, दहा चूक. ५० टक्के. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. आणि चूक अशी की नेमकी आपल्या मुळावर येणारी, रोगी झाडाला चांगलं म्हणणारी. माझा चुलतभाऊ आदल्याच दिवशी या मोबाइलवर फोटो दाखवून ‘आपल्यात काही नाही’ म्हणून निर्धास्त झाला होता. त्याला त्याच संध्याकाळी घेऊन गेलो आणि त्याच्या रानातली अकरा झाडं उपटली.

पोरगी रात्री जेवली नाही. ‘काका, आकडा खोटा नाही हो,’ एवढंच म्हणत होती. मी म्हणलं, ‘बाळा, आकडा खोटा नाही तर मग तो कशाचा आहे ते बघू. आणि मला ते चुकलेले दोन दाखव.’

२३८ बरोबर आले म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, पण उरलेले दोन कुठले हे कुणी विचारलं नव्हतं. तिनंही उघडून बघितले नव्हते. तिनं लॅपटॉप उघडला, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. दोन्ही मोझॅकचे, मॉडेलनं दोन्हींना निरोगी म्हणलेलं. पानं पिवळीधम्म होती. मग तिनं बरोबर ओळखलेले मोझॅकचे फोटो त्यांच्याशेजारी मांडले, दहा-बारा. आणि मला जे दिसलं ते तुम्हालाही एका नजरेत दिसलं असतं. त्या दहा-बारांच्या खाली काळी पट्टी होती. या दोघांच्या खाली नव्हती.

ती पट्टी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. जीपीएस कॅमेऱ्याचा फोटो. डावीकडं चौकोनी नकाशा, त्याच्या बाजूला गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. नुकसान झालं की पंचनाम्यासाठी फोटो मागतात ना, तो असाच काढावा लागतो, नाहीतर ग्राह्य धरत नाहीत. पुतणीनं मोझॅकचे ६०० फोटो कुठून आणले होते? गेल्या वर्षी रानं पिवळी पडली तेव्हा आपल्या लोकांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे टाकले होते, तिथून. त्यातल्या जवळपास सगळ्यांवर पट्टी. आणि निरोगी ६०० तिनं स्वतः काढले, जुलैमधे, साध्या कॅमेऱ्यानं. निरोगी पिकाचा पंचनामा कोण करतो? तिकडं एकालाही पट्टी नाही.

आता कॉम्प्युटरच्या जागी बसून बघा. दोन ढीग आहेत, फरक शोधायचाय. पानावरचे ठिगळ प्रत्येक फोटोत वेगळे, कधी उन्हात, कधी सावलीत, कधी लांबून. पट्टी मात्र दर वेळी खाली, दर वेळी काळी, दर वेळी तेवढीच. फोटो २२४ ठिपक्यांवर आणला की अक्षरं वाचता येत नाहीत, पण काळा पट्टा राहतोच. पट्टा दिसला की मोझॅक, नाही दिसला की निरोगी. एवढ्या एका ओळीच्या नियमानं त्याचे जवळजवळ सगळे फोटो बरोबर येत होते. मग पानाकडं त्यानं बघावंच कशाला? त्याला दिलेलं काम त्यानं चोख केलं होतं. फक्त ते काम मोझॅक ओळखायचं नव्हतं, पंचनाम्याचे फोटो ओळखायचं होतं.

आणि झाकून ठेवलेल्या २४० फोटोंनी हे पकडलं का नाही, तर ते त्याच ढिगातले होते. बियाण्याची एकच पिशवी असेल आणि तिच्यातलेच शंभर दाणे काढून उगवण तपासली, तर त्या पिशवीची उगवण कळते. शेजारच्या दुकानातल्या पिशवीची कळत नाही. शिकवायच्या फोटोंवर पट्टी, परीक्षेच्या फोटोंवरही पट्टी. कॉपी करायची चिठ्ठी पेपरलाच टाचलेली होती.

पण आपल्याला पट्टी दिसली म्हणून तेच कारण असेल असं नाही. पोरगी म्हणाली, सिद्ध करावं लागेल. ते तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी केलं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण त्याला कॉम्प्युटर शिकलेलं असावं लागत नाही.

आधी माझ्या रानातल्या एका चांगल्या झाडाचं पान घेतलं. साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढला: निरोगी. पान जागचं न हलवता जीपीएस कॅमेऱ्यानं काढला: मोझॅक, ९७ टक्के. मग उलट. मोझॅकचं पान जीपीएस कॅमेऱ्यानं: मोझॅक. त्याच फोटोची खालची पट्टी गॅलरीत कापून टाकली: निरोगी. पान तेच, रोग तोच, पट्टी आली-गेली तसं उत्तर आलं-गेलं. असं तिनं पंधरा पानांवर केलं, पंधराही वेळा उत्तर पट्टीमागं गेलं.

मग मला चेव आला. गोठ्यात आमचं खोंड बांधलेलं होतं. मी म्हणलं, याचा काढ. जीपीएस कॅमेऱ्यानं खोंडाचा फोटो काढला. पिवळा मोझॅक, ९६ टक्के. साध्या कॅमेऱ्यानं काढला तर खोंड निरोगी. बांधावरच्या लिंबालाही मोझॅक झाला आणि माझ्या चपलेलाही. बायको म्हणाली, ‘डॉक्टरला बोलवा मग.’

त्यात एक समजण्यासारखं आहे. मॉडेलकडं दोनच खोकी होती, मोझॅक आणि निरोगी. ‘हे सोयाबीनच नाही’ असं म्हणायला तिसरं खोकं नव्हतंच. जे दाखवाल ते दोनांपैकी एकात टाकणार. आणि ते ९६ टक्के म्हणजे रोगाची खात्री नव्हे, दोन खोक्यांत वाटणी करताना इकडं किती झुकलं तेवढंच. मोबाइलवर टक्के मोठे दिसले की माणूस दबून जातो, म्हणून सांगून ठेवतो.

नंतर तिनं कॉम्प्युटरवरही बघितलं. ग्रॅड-कॅम नावाची एक पद्धत आहे. उत्तर देताना मॉडेलनं फोटोतल्या कुठल्या भागाला जास्त वजन दिलं ते रंगानं दाखवते, जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं. मोझॅकच्या फोटोंत पानावर सगळीकडं निळं आणि खालच्या पट्टीवर लालभडक. चूल पेटवल्यासारखं.

आपल्याकडं नंदीबैल येतो. ‘यंदा पाऊस पडंल का रं?’ म्हणलं की गुबुगुबु वाजतं आणि नंदी मान हलवतो. नंदीला पाऊस कळत नाही, त्याला मालकाची खूण कळते. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तरी आपण सुपातलं धान्य वाढतोच. जर्मनीतही असाच एक घोडा होऊन गेला, हान्स नावाचा. बर्लिनमधे त्याचा मालक त्याला गणितं घालायचा आणि तो खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट तपासलं तेव्हा कळलं, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात नकळत जो बदल व्हायचा, तो बघून तो थांबायचा. म्हणजे तोही नंदीबैलच, फक्त मालकाला आपण खूण करतोय हे माहीत नव्हतं.

पुतणीनं मला दाखवलं की कॉम्प्युटरमधल्या असल्या प्रकाराला त्या हान्सचंच नाव देतात. आणि गंमत म्हणजे त्यातलं गाजलेलं उदाहरणही घोड्यांचंच आहे. पास्कल व्हीओसी नावाचा फोटोंचा एक संग्रह आहे, २००७ सालचा. त्यात घोडा, गाय, मोटार, बस असे वीस प्रकार. जगभरचे अभ्यासक आपलं मॉडेल किती चांगलं ते याच संग्रहावर तपासायचे. २०१९ साली जर्मनीतल्या अभ्यासकांनी त्यातलं एक मॉडेल आत उघडून बघितलं. घोड्याचे फोटो ते छान ओळखत होतं. पण घोड्याच्या फोटोंपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यावर डावीकडं खाली, फोटो कुठल्या संकेतस्थळावरून घेतला त्याचं नाव छापलेलं होतं, आणि मॉडेल त्या अक्षरांकडं बघत होतं. नाव पुसलं की त्या फोटोत घोडा सापडेना. आणि तेच नाव एका मोटारीच्या फोटोवर चिकटवलं तर मॉडेल म्हणालं, घोडा. इतकी वर्षं इतक्या शिकलेल्या लोकांनी तो संग्रह वापरला, आणि ते नाव कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. हे ऐकून पोरगी जरा जेवायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, पट्टी कापा आणि पुन्हा शिकवा. तिनंही तेच केलं. सगळ्या १२०० फोटोंचा खालचा चौथा हिस्सा कापला. सगळ्यांचा, हे महत्त्वाचं. फक्त पट्टीवाल्यांचा कापला असता तर एक ढीग आखूड आणि एक लांब झाला असता, म्हणजे नवी पट्टीच. पुन्हा शिकवलं, पुन्हा २४० वर परीक्षा. २२६ बरोबर, ९४ टक्के. तिचा चेहरा उजळला. मग माझ्या रानातले ते वीस फोटो दाखवले. तेरा बरोबर. दहा चांगल्यांतले नऊ ओळखले, दहा मोझॅकवाल्यांतले चारच. सहा रोगी झाडं अजूनही सुटत होती.

पट्टी तर गेली, मग आता काय राहिलं? इथं शेतकऱ्याचा डोळा कामाला आला असं मी म्हणेन. मी दोन्ही ढिगांतले फोटो चाळत बसलो. मोझॅकचे फोटो गेल्या वर्षीचे, सप्टेंबरच्या आसपासचे. पीक कमरेएवढं, शेंगा धरलेल्या, सरी झाकलेली. निरोगी फोटो यंदाच्या जुलैतले, पंचवीस-तीस दिवसांचं पीक, खाली काळी माती दिसतेय. पंचनाम्याचे फोटो उभ्यानं, सगळं रान यावं म्हणून लांबून काढलेले. तिचे फोटो वाकून, एकेका पानाचे. एका ढिगाचे फोटो व्हॉट्सअॅपवरून चार हातांतून फिरून आलेले, बारीक तपशील पुसट झालेला. दुसऱ्याचे सरळ कॅमेऱ्यातून, लख्ख. मोठं पीक म्हणजे रोगी आणि माती दिसली म्हणजे निरोगी, असं त्यानं आता धरलं असणार. माझ्या रानात ऑगस्टमधे पीक मधल्या वयाचं, ओळींतून माती दिसत होती, म्हणून पुन्हा निरोगीकडं झुकाप. पट्टी आपल्याला दिसली, कारण ती काळी होती. या बाकीच्या पट्ट्या काळ्या नव्हत्या, एवढाच फरक.

यालाही मोठ्या लोकांत जोड आहे. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा जगप्रसिद्ध संग्रह आहे, ५४,३०६ फोटोंचा. चौदा पिकं, रोगी-निरोगी मिळून ३८ प्रकार. २०१६ साली त्यावर ९९.३५ टक्के अचूकता आली म्हणून खूप बोलबाला झाला. त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे पुढंही लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा ती ३१ टक्क्यांच्या जरा वर राहिली. कारण संग्रहातली पानं तोडून, साध्या कागदावर ठेवून काढलेली. पुढं २०२२ साली एकानं तर पान बघितलंच नाही. प्रत्येक फोटोतले फक्त आठ ठिपके घेतले, तेही पानाबाहेरच्या पार्श्वभूमीचे, आणि तेवढ्यावर ३८ प्रकारांतला नेमका प्रकार ४९ टक्के वेळा ओळखून दाखवला. नुसत्या अंदाजानं २.६ टक्केच आले असते. म्हणजे कागदाचा रंग, उजेड यांतच रोगाचं नाव निम्मं लिहिलेलं होतं.

बैठकीला आता तीन दिवस राहिले होते. पुतणीपुढं प्रश्न साधा नव्हता. कॉलेजात ९९ टक्क्यांवर पुढचा आढावा ठरलेला, मार्क त्यावर. तिच्या गटातल्या एका मुलाचं म्हणणं, आता कशाला बोलायचं, परीक्षक काही रानात येत नाहीत. तेही खरंच होतं, येत नाहीत. तिनं मला विचारलं, ‘काका, काय करू?’ मी म्हणलं, ‘मार्काचं मला कळत नाही. पण बैठकीला जे चाळीस जण बसतील त्यांतले निम्मे घरी जाऊन फोटो काढतील आणि मोबाइल त्यांना निरोगी म्हणेल, एवढं मला कळतं.’ तिनं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, खोंडासकट. मॅडम जरा वेळ गप्प होत्या म्हणे. मग म्हणाल्या, तो खोंडाचा फोटो आढाव्याला घेऊन ये.

बैठकीत तिनं अॅप दाखवलं नाही, तोच फोटो दाखवला. लोक पोटभर हसले. आणि मग तिनं फोटो मागितले, पण आपल्या अटींवर.

ते काम आम्ही पुढच्या तीन आठवड्यांत केलं. नऊ रानं निवडली, सहा शेतकऱ्यांची. प्रत्येक रानात तीस मोझॅकची आणि तीस चांगली झाडं. दोन्ही त्याच दिवशी, त्याच मोबाइलनं, तेवढ्याच अंतरावरून. एक रोगी झाड काढलं की त्याच्या शेजारचं चांगलं झाड काढायचं, म्हणजे ऊन, माती, पिकाचं वय, वाण सगळं दोन्हीकडं सारखं, वेगळा फक्त रोग. जीपीएसचा शिक्का बंद. काही मोबाइल कोपऱ्यात आपलं मॉडेलचं नाव छापतात, तेही सेटिंगमधे जाऊन बंद. झाड रोगी की चांगलं हे मी आणि आणखी एका जुन्या शेतकऱ्यानं वेगवेगळं बघून ठरवलं. जिथं आमचं जमलं नाही ते झाड सोडून दिलं. असे ५४० फोटो झाले.

परीक्षेची पद्धतही तिनं बदलली. आता फोटो सरमिसळ करून पाचातला एक झाकला नाही. दोन रानं अख्खीच्या अख्खी झाकून ठेवली आणि सात रानांवर शिकवलं. म्हणजे परीक्षा न बघितलेल्या फोटोची नाही, न बघितलेल्या रानाची. आपल्या सगळ्यांची रानं त्याला न बघितलेलीच असणार ना.

त्या दोन रानांतल्या १२० पैकी ९४ बरोबर आले. ७८ टक्के. ग्रॅड-कॅमनं बघितलं तर लाल आता पानावर येतंय, ठिगळांवर. सगळ्या फोटोंत नाही, पण बहुतेकांत.

आणि या वेळी चुकलेले सगळेच्या सगळे, सव्वीसही, आम्ही उघडून बघितले. नऊ मोझॅकचे सुटलेले, बहुतेक अगदी सुरुवातीचे, एकाच कोवळ्या पानावर दोन-चार ठिपके. उरलेले सतरा चांगले असून मोझॅक म्हणलेले, आणि त्यातले चौदा एकाच रानातले. ते रान मी ओळखतो. सखल, चुनखडीचं, पाऊस झाला की आठ दिवस पाणी धरतं. तिथं सोयाबीन लोह कमी पडून पिवळं होतं. कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्याच राहतात, आणि पिवळेपणा सगळ्या पानभर सारखा असतो, ठिगळाठिगळांचा नाही. वाफसा आला की किंवा फेरस सल्फेटची फवारणी केली की ते सावरतं. तिथं मोझॅक समजून झाडं उपटली तर चांगलं पीक उपटल्यासारखं आहे. मॉडेलला अजून हा फरक कळत नाही, कारण त्याच्याकडं खोकी दोनच आहेत. तिसरं खोकं लोहाचं हवं, आणि त्यासाठी तसल्या रानांतले फोटो हवेत.

ते यंदा जमलं नाही, तोवर पानं पिकायला लागली होती. कॉलेजात ७८ टक्क्यांचाच अहवाल दिला तिनं, पहिल्या पानावर आमचं खोंड. पुढच्या खरिपात ज्यांच्या रानात पाऊस झाल्यावर सोयाबीन पिवळं पडतं, त्यांनी इथं खाली नुसतं गाव लिहून ठेवा. पोरगी स्वतः येऊन फोटो काढेल, तुम्ही पाठवू नका. पाठवलेल्या फोटोवर कुठली पट्टी येईल सांगता येत नाही.